बाबांचं गाणं, फोनवर: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

३० तारखेला आई-बाबांच्या लग्नाला ४५ वर्षं होतात. दादाने छोटा हॉल घेतलाय. बाबांचं म्हणणं असं, की आईला काही कळू न देता त्यांच्या आवाजातलं एक जुनं भावगीत तिथे स्पीकरवर लागावं. प्रत्यक्ष गा म्हटलं तर म्हणाले, "अगं, तिच्यासमोर उभं राहून गायचं म्हणजे पाय लटपटतात. रेकॉर्ड करून लावू."

निवृत्तीनंतर बाबा कराओकेच्या ग्रुपमध्ये जातात, त्यामुळे ट्रॅकवर गायची सवय आहे. पण तिथे माइक असतो, मिक्सर असतो आणि त्याच्या खुंट्या फिरवणारा एक जाणता माणूस असतो. आमच्याकडे एक चार वर्षं जुना अँड्रॉइड फोन आहे. रेकॉर्डिंगची वेळही आई भिशीला किंवा देवळात गेल्यावरच.

आज सुरुवात म्हणून बाबांच्याच फोनमधल्या गाण्याच्या ॲपवर एकदा गाऊन घेतलं. ऐकल्यावर दोघेही गप्प. आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि संगीत कुठेतरी मागच्या गल्लीत. त्याहून मोठी अडचण म्हणजे ॲपने आवाज आणि संगीत एकत्र कालवून एकच फाइल दिली. दूध आणि साखर एकदा मिसळली की साखर परत काढता येत नाही, तसंच हे. तेव्हा पहिला निर्णय: संगीताचा ट्रॅक एका ओळीत आणि बाबांचा आवाज दुसऱ्या ओळीत, वेगवेगळे राहतील असंच ॲप वापरायचं. बँडलॅब फुकट आहे आणि त्यात हे होतं, म्हणून ते घेतलं.

ट्रॅक काळी दोनमध्ये होता. बाबांचा आवाज काळी एकमध्ये बसतो. सूर दोन अर्धस्वरांनी खाली घेतला, लय तीच ठेवली. याने तबल्याच्या चाटीची धार जराशी बोथट झाली, पण वरच्या सुरांना बाबांची मान ताणली जाते त्यापेक्षा हे परवडलं. हे काम गाण्याआधीच करायचं. आवाज रेकॉर्ड झाल्यावर तो खाली ओढला तर माणूस पेंगुळल्यासारखा वाटतो.

५ नोव्हेंबर

मी माझे ब्लूटूथ इयरबड्स दिले. तास वाया गेला.

बाबांनी कानात घातले, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि ट्रॅक एकदम टेलिफोनवरच्या गाण्यासारखा वाजायला लागला. तंबोरा गेला, बायाँ गेला, फक्त किरकिर उरली. इयरबडचा माइक चालू झाला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते. मग दोन्ही बाजूंना बोलण्यापुरताच आवाज जातो, तोही मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या कानात एकच. बडचा माइक बंद ठेवून फोनचाच माइक घेतला तर संगीत नीट ऐकू आलं, पण ते कानापर्यंत पोचतंच उशिरा. बाबा जे ऐकतात त्यावर गातात, आणि जे ऐकतात ते आधीच शिळं झालेलं असतं. रेकॉर्डिंगमध्ये आवाज सगळीकडे मागे पडलेला. तो उशीर प्रत्येक वेळी सारखा असता तर एकदाच सरकवून घेतला असता. पण बड्स काढून पुन्हा जोडले की आकडा बदलत होता.

वायरचे इयरफोन आणायचे. फोनला साडेतीन मिलिमीटरचं छिद्र आहे, ते एक बरं.

७ नोव्हेंबर

बहुतेकांच्या घरी असतात तसे इयरफोन आणले, वायरीवर माइकची गुंडी असलेले. संगीत आता झकास ऐकू येतंय. बाबा गायलेही छान. पण ऐकताना दोन गोष्टी खटकल्या.

एक म्हणजे खरखर. माइकची गुंडी छातीशी लोंबते आणि बाबांनी हात हलवला की वायर सदऱ्यावर घासते. ते एक वेळ चिमट्याने अडकवून थांबेल. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. ध्रुवपदाच्या शेवटी बाबा एक सूर चार मात्रा लांबवतात. रेकॉर्डिंगमध्ये तो सूर दीड मात्रेनंतर विरत जातो, आणि तेवढ्यात पुढची ओळ आली की आवाज पुन्हा ठणठणीत. बाबांना वाटलं, श्वास कमी पडतोय. मी समोरच बसले होते. श्वास अजिबात कमी पडत नव्हता.

हे फोनचं काम आहे. वायरीवरचा माइक लागला की आमचा फोन समजतो, आता कोणीतरी बोलणार. बोलण्यात सूर स्थिर राहत नाही, सतत वरखाली होतो. स्थिर राहतो तो पंख्याचा किंवा गाडीच्या इंजिनाचा घुमारा. त्यामुळे एकसारखा ताणलेला सूर ऐकला की तो त्याला गोंगाट समजून दाबतो. बोलताना उपकार, गाताना अपकार.

ओळखायची रीत सोपी आहे. 'आ' असा एकच सूर एकाच जोरात दहा सेकंद धरायचा आणि रेकॉर्डिंगची आकृती पाहायची. ती शेपटीसारखी निमुळती होत गेली तर फोन आवाज खातोय. दुसरी खूण म्हणजे गाऊन गप्प बसायचं आणि शांततेत काय होतं ते ऐकायचं. घड्याळाची टिकटिक हळूहळू मोठी होत आली तर फोन आपल्या मनाने पातळी वर उचलतोय.

उपाय ड्रॉवरमध्ये सापडला. दादाच्या जुन्या रेडिओचे इयरफोन, माइक नसलेले. पिनवर पाहिलं की कळतं: तीन काळ्या रेघा असतील तर माइकवाले, दोन असतील तर बिनमाइकचे. बिनमाइकचे लावले की फोन नाइलाजाने स्वतःच्या खालच्या कडेचा माइक वापरतो. दहा सेकंदांचा 'आ' आता शेवटपर्यंत एकाच जाडीचा आला. ॲपमधली आवाज आपोआप 'साफ' करायची सोयही बंद केली.

८ नोव्हेंबर

वायर आहे म्हणून उशीर शून्य होत नाही. कमी होतो आणि महत्त्वाचं म्हणजे रोज तेवढाच राहतो. तो मोजून घेतला.

पद्धत अशी. ट्रॅक एका ओळीत ठेवला. इयरफोनचा एक बोंडा फोनच्या खालच्या माइकच्या छिद्रावर बोटाने दाबून धरला आणि कोणीही न गाता रेकॉर्डिंग केलं. म्हणजे ट्रॅकच फोनमधून बाहेर पडून माइकवाटे परत आत आला. आता वरच्या ओळीत मूळ तबला, खालच्या ओळीत फिरून आलेला तबला. पहिली थाप शोधली आणि दोन्ही आकृत्या बोटांनी ताणून मोठ्या केल्या. वरची थाप ४.२० सेकंदांवर, खालची ४.३५ वर. फरक १५० मिलिसेकंदांचा. तीनदा केलं, तिन्ही वेळा दोन-चार मिलिसेकंदांच्या आत तोच.

ऐकायला १५० म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण गाणं केहरव्यात आहे, मिनिटाला १०० मात्रा, म्हणजे एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. बाबा पाव मात्रा मागे पडत होते. कराओके ग्रुपमध्ये कोणी असं गायलं तर सगळे मान खाली घालून हसतील. हा आकडा ॲपच्या सेटिंगमध्ये भरला. तशी सोय नसती तर आवाजाची अख्खी ओळ तेवढी डावीकडे सरकवली असती, परिणाम तोच.

इयरफोन बदलले किंवा ॲप बदललं तर पुन्हा मोजायचं, हे फोनच्या मागे कागद चिकटवून लिहून ठेवलंय.

आणखी एक. ॲपमध्ये गाताना स्वतःचा आवाज कानात ऐकायची सोय असते. तीही बंद केली. स्वतःचाच आवाज पाव मात्रेने उशिरा कानात आला तर भले भले अडखळतात. बाबा तर दुसऱ्याच शब्दावर थांबले होते.

११ नोव्हेंबर

पहिली पूर्ण चाचणी. आवाजाची ओळ एकटी लावून ऐकली, संगीत बंद करून. मागे बारीक तबला वाजतोय! ओळीत फक्त बाबा हवेत आणि तिथे व्हायोलिनसुद्धा आहेत.

कारण बाबांच्या दोन सवयी. ऐकायला थोडं कमी येतं म्हणून ते संगीत कानात जोरात ठेवतात. आणि सगळे जुने गाणारे करतात तसं एका कानातला बोंडा काढून टाकतात. तो बोंडा गळ्याशी लोंबतो आणि एखाद्या बारक्या स्पीकरसारखा माइकच्या दिशेने वाजत राहतो.

हे गळणारं संगीत पुढे त्रास देतं. आवाज वर केला की त्याबरोबर ते पातळ, पत्र्यासारखं संगीतही वर येतं आणि मूळ ट्रॅकवर चढून तबला दोनदा वाजल्यासारखा वाटतो. दोन ओळींमधला समतोल मग साधतच नाही, कारण एका ओळीत दुसरी घुसलेली असते.

दोन्ही कान बंद करून गायला सांगितलं, तर बाबांचा सूर उतरला. कान बुजले की आपलाच आवाज डोक्यात घुमतो, बोट कानात घालून बोलल्यासारखा. बाहेर काय जातंय त्याचा अंदाज राहत नाही. म्हणजे एक कान मोकळा हवाच. बाबांचं बरोबर होतं, बोंड्याचं चुकत होतं.

फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली दोन गोष्टी मिळाल्या. मोनो ऑडिओ चालू केला, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची वाद्यं एकाच कानात येतात. नाहीतर एका कानाने ऐकताना अर्धा वाद्यवृंद गायब. आणि ऑडिओ बॅलन्स पूर्ण उजवीकडे सरकवला. आता डावा बोंडा मुका झाला, कुठेही लोंबू दे. संगीताची पातळी दोन घरं खाली आणली. बाबा कुरकुरले, पण दुसऱ्या फेरीला म्हणाले, "आता माझं मलाच नीट ऐकू येतंय." एकट्या ओळीत आता कान देऊन ऐकलं तरच तबला लागतो. चालेल.

१५ नोव्हेंबर

आज खरं रेकॉर्डिंग. आई दुपारी दोनला भिशीला गेली, साडेपाचला परतणार.

जागा: आतली खोली, आईच्या साड्यांचं कपाट सताड उघडं आणि बाबा त्याच्याकडे तोंड करून. मागे दोरीवर दोन गोधड्या. रिकाम्या भिंतीवरून आवाज उलटून येतो आणि एकदा तो रेकॉर्ड झाला की फोनवरच्या साधनांनी निघत नाही. नंतर हवा तेवढा घुमारा घालता येतो, म्हणून मूळ आवाज कोरडा घ्यायचा. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद (परत चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली), फोन विमान मोडवर.

फोन स्टूलवर, पुस्तकांच्या चळतीला टेकवून, खालची कड बाबांच्या दिशेने. तोंडापासून एक वीत, पण समोरासमोर नाही, हनुवटीच्या थोडा खाली आणि बाजूला. समोर धरला तर 'भ' आणि 'फ' म्हणताना वाऱ्याचा झोत थेट छिद्रावर आदळतो आणि 'भप्प' असा दणका येतो. गाण्यात 'भ' चार वेळा आहे. कडेला धरल्यावर तो झोत बाजूने निघून जातो, आवाज मात्र येतो.

पातळीची गोष्ट. मीटरवर सगळ्यात वरचं टोक म्हणजे शून्य डेसिबल. त्यावर काही नसतं. आवाज तिथे धडकला की आकृतीचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे सपाट होतात आणि वरचा सूर फाटतो. तो नंतर कशानेही शिवता येत नाही. म्हणून बाबांना आधी गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ, अंतऱ्याची तार सप्तकातली, पूर्ण दमाने गायला लावली. मायनस २ पर्यंत गेली. फोनच्या माइकला खुंटी नसते, त्यामुळे अंतर हीच खुंटी. अंतर दुप्पट केलं की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. एक वीत होती ती दोन विती केली, मायनस ८ आलं. हेच ठरवलं. खालच्या ओळी मायनस २० च्या आसपास राहतात, राहू देत. फार कमी घेतलं असतं तर वर उचलताना खोलीची सूंऽऽ वर आली असती, पण इतक्याने काही बिघडत नाही.

अंतर बदलू नये म्हणून बाबांच्या चपलांच्या जागी खडूने रेघ मारली. तरीही दुसऱ्या अंतऱ्यात भाव दाटून आला की ते पुढे वाकतात.

पूर्ण गाणं तीनदा आणि दुसरा अंतरा वेगळा दोनदा घेतला. तिसऱ्या फेरीत समोरच्या वाडीत नारळवाला ओरडला, तो छानपैकी सुरात आलाय. पाच वाजता आवरलं. फ्रिज आठवणीने चालू केला. किल्ली थंडगार.

१८ नोव्हेंबर

फेऱ्या निवडल्या. दुसरी फेरी पाया धरली, दुसरा अंतरा वेगळ्या घेतलेल्यातला. जोड श्वासाच्या आधी टाकला. श्वास कापला की ऐकणाऱ्याला कळत नाही काय चुकलं, पण दचकल्यासारखं होतं.

मग ओळीओळीचं काम. तार सप्तकातली ओळ मायनस ८ ला आणि मुखड्याचा शेवट मायनस २१ ला. एवढी दरी असताना एकच स्लायडर लावून काही होत नाही. खालचे शब्द ऐकू यावेत म्हणून वर केला तर वरची ओळ कानठळ्या बसवते. कॉम्प्रेसर नावाचं साधन हे आपोआप करतं, जोरातला आवाज दाबतं. मी आधी त्यालाच हे सगळं काम दिलं आणि तो इतका दाबावा लागला की बाबांचा आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा झाला, शिवाय दर दोन ओळींमध्ये श्वास फुसफुसायला लागले.

म्हणून हाताने केलं. आवाजाची ओळ वाक्यावाक्याला कापली, २३ तुकडे झाले. हळू तुकडे ३ ते ५ डेसिबलने उचलले, जोरकस दोन तुकडे २ ने उतरवले. दीड तास गेला. त्यानंतर कॉम्प्रेसर अगदी हलका, दोनास एक या प्रमाणात, म्हणजे ठरवलेल्या रेषेच्या वर आवाज २ डेसिबल चढला तर बाहेर १ च चढतो. सुई ३ च्या पुढे हलत नाही इतपतच. आता तो आहे हे कळत नाही, आणि तसाच असावा.

आवाजातला १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग काढून टाकला. बाबांच्या आवाजात तिथे काही नाही. स्टूलचा थरथराट आणि रस्त्यावरच्या ट्रकची घरघर तेवढी होती.

२० नोव्हेंबर

आज समतोल. मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली चूक. आवाज कमी वाटला म्हणून आवाजाचा स्लायडर वर. मग संगीत दबलं, ते वर. मग आवाज पुन्हा वर. पंधरा मिनिटांनी दोन्ही स्लायडर छताला आणि मुख्य मीटर लाल. कराओके ट्रॅक मुळातच शून्याला टेकलेला असतो, तयार करणाऱ्याने तो भरभक्कम करूनच दिलेला असतो. त्यात आवाजाची भर पडली की बेरीज शून्याच्या वर जाणारच. त्यामुळे आवाज वर नाही, संगीत खाली. ट्रॅक सरळ मायनस १० वर आणून ठेवला आणि आज त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. एकूण हळू वाटलं तर फोनचं बटण आहे की.

मग आवाज. गाण्याच्या सुरुवातीला नुसती बासरी आणि तंबोरा आहे, तिथे कसाही ठेवला तरी छान वाटतो. म्हणून सगळ्यात गर्दीची जागा घेतली: दुसऱ्या अंतऱ्यानंतरचं ध्रुवपद, व्हायोलिन, तबला, ढोलकी सगळं एकदम. तेवढेच वीस सेकंद फिरवत ठेवले. आवाज पूर्ण बंद करून हळूहळू वर आणला. शब्द कळायला लागले तिथे थांबले: अधिक १. मग उलट, आवाज खूप वर ठेवून खाली आणत गेले. बाबा वाद्यवृंदापुढे एकटेच उभे आहेत असं वाटायचं थांबलं तिथे आकडा होता अधिक ५. या दोन्हींच्या मधला, अधिक ३ घेतला. आवाजाचं शिखर फार तर मायनस ८ होतं, ते फार तर मायनस ५ झालं, आणि संगीताचं मायनस १०. दोन्ही शिखरं नेमकी एकाच क्षणी आली तरी बेरीज मायनस १ च्या आसपास राहते. लाल दिवा लागत नाही.

तरी एक दुखणं उरलं. व्हायोलिन आले की 'स', 'त', 'च' ही व्यंजनं बुडतात, सूर ऐकू येतो पण शब्द नाही. आवाज अजून वर केला तर सूर बोचतो. शब्दांची धार साधारण २ ते ४ हजार हर्ट्‌झमध्ये असते आणि व्हायोलिनची चमकही तिथेच. म्हणून इक्वलायझर, म्हणजे ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणारं साधन, आवाजावर न लावता संगीतावर लावला, अडीच हजाराच्या आसपास ३ डेसिबलचा उथळ खड्डा. संगीत एकटं ऐकलं तर जराही कळत नाही. आवाजाबरोबर लावलं की शब्द त्या खड्ड्यात अलगद बसतात. उलट आवाज अधिक २ वर उतरवता आला.

२१ नोव्हेंबर

सकाळी ताज्या कानांनी ऐकलं आणि काही चुकलं असं वाटलं नाही. संशय आला. मला गाणं लहानपणापासून पाठ आहे, शब्द पुसले तरी मला ऐकू येतीलच.

म्हणून वहिनीला पाठवलं आणि नऊ वर्षांच्या भाच्याला सांगितलं, आजोबा काय गातायत ते वहीत लिही, फक्त एकदा ऐकून, फोनच्या स्पीकरवर. त्याने हे गाणं कधी ऐकलेलं नाही. संध्याकाळी वहीचा फोटो आला. पाच जागा मोकळ्या, आणि एका ठिकाणी 'इथे आजोबा हळू बोलले' असं पेन्सिलने. मोकळ्या पाचांपैकी चार जागा ओळीच्या शेवटच्या शब्दाच्या, जिथे बाबा सूर खाली सोडतात. मी तुकडा अख्ख्या ओळीचा उचलला होता, शेपूट तशीच राहिली होती. त्या चार शब्दांना वेगळं कापून आणखी ३ डेसिबल दिले. पाचवी जागा म्हणजे एक जुना मराठी शब्द, तो आजकालच्या कुठल्याच मुलाला कळणार नाही. तो सोडला.

२३ नोव्हेंबर

वेगवेगळ्या ठिकाणी ऐकून पाहिलं. रेडिओच्या इयरफोनमध्ये संगीत भारदस्त, आवाज किंचित मागे. फोनच्या स्पीकरवर उलट, बाबाच बाबा आणि बायाँ गायब, कारण एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत. एकावर बरोबर केलं की दुसऱ्यावर चुकतं. दोन्हींकडे थोडं थोडं चुकतंय तीच जागा धरली. नंतर आवाज इतका कमी केला की जेमतेम ऐकू यावा. तेव्हाही शब्द कळत होते आणि तबल्याची चाट मागे लागत होती. शेजारच्या खोलीत जाऊन दारातून ऐकलं, तिथेही तसंच.

घुमारा म्हणजे रिव्हर्ब. बाबांना तो भरपूर हवा, ग्रुपमध्ये तशी सवय लागलीये. इयरफोनमध्ये २५ टक्के छान वाटला. पण गाणं हॉलमध्ये वाजणार, तिथे फरशी, पत्रे आणि रिकाम्या भिंती आपला घुमारा घालणारच. १० वर आणला. बाबा म्हणाले, "कोरडं झालं गं." म्हटलं, बाबा, हॉलमध्ये ऐका आणि मग बोला.

मोनो ऑडिओ पुन्हा चालू करून शेवटचं ऐकलं, कारण दादाचा चाकांवरचा स्पीकर एकच आहे. ट्रॅकमधले दोन बाजूंना पसरलेले व्हायोलिन मोनोमध्ये आक्रसले आणि बाबा पुढे आले. आवाज १ ने खाली, अधिक १ वर ठेवला.

२९ नोव्हेंबर

दादाने हॉलची किल्ली सकाळी घेतली. मुख्य फाइल वॅव्ह या न आवळलेल्या प्रकारात काढून पेन ड्राइव्हवर, आणि एक प्रत दादाला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे ती वाटेत आवळली जात नाही.

रिकाम्या हॉलमध्ये लावलं. घुमारा इतका की १० टक्केसुद्धा जास्त वाटला. पण उद्या ऐंशी माणसं, साड्या, शालू असणार, तो बराच शोषला जाईल. हात लावला नाही. स्पीकरवर बेस वाढवायची खुंटी कोणीतरी पूर्ण फिरवून ठेवली होती, त्यामुळे बायाँ शब्दांवर बसत होता. ती मधोमध आणली आणि तिथे चिकटपट्टी लावली. मागच्या रांगेतून शब्द नीट येतात.

बाबा मागच्या खुर्चीवर बसून पूर्ण ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "दुसऱ्या अंतऱ्यात मी पुढे वाकलोय, कळतंय ना?" कळतंय. त्या ओळीत आवाज एकदम जवळ येतो, आणि 'भ' ला बारीक दणका आहे. पुन्हा घ्यायचा का विचारलं, तर घड्याळ पाहिलं. आई चारला देवळातून येते, साडेतीन वाजले होते.

ती ओळ तशीच ठेवली आहे.